बाबांच्या संत्र्यावरच्या लेखाचं कात्रण: कॉलम एकमेकांत घुसलेत, शब्द चिकटलेत, मूळ क्रम कसा लावू?

काटोलची_लेक (नागपूर)

नमस्कार. माझे बाबा काटोलकडे संत्र्याची बाग करायचे आणि नव्वदच्या दशकात एका स्थानिक दैनिकात शेतीवर लिहायचे. मूळ कात्रणांना वाळवी लागली. त्यातल्या एका लेखाचा फोटो कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकला होता, आता तोही उघडत नाही. माझ्याकडे उरलाय तो फक्त मोबाइलचा स्क्रीनशॉट, 1080 पिक्सेल रुंदीचा.

कात्रण तीन कॉलमांचं आहे. वर तिन्ही कॉलमांवर मथळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कॉलमच्या मधोमध झाडाच्या बुंध्याचा एक फोटो, खाली फोटोओळ. पहिल्या कॉलमच्या तळाशी लेखकाची ओळख देणारी चौकट. भाच्याने त्यातून मजकूर काढून दिला, तो असा आला:

```
पेस्ट करताना एककिलो करताना तेवढ्याच मोर-
मोरचूद, एककिलो चुना चुदाला व चुन्याला शंभर
आणि दहा लिटरपाणी लिटर पाणी लागते. गाळून
घ्यावे. तयार झाल्यावर ती घेतल्यावरच पंपात भरावे.
```

भाच्याने हे 'नीट' करून लिहिलं की पेस्टसाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. वर्षश्राद्धाला बाबांच्या लेखांची छोटी पुस्तिका काढतोय आम्ही, ती गावातले बागायतदार वाचणार. मला हे वाक्य खटकतंय, पण बाबांनी नेमकं काय लिहिलं होतं ते कसं ठरवू? फोटोत बघून टाइप करायचा प्रयत्न केला, पण अक्षरं इतकी बारीक आहेत की दहा ओळींत डोळे थकतात. आणि असे अकरा लेख आहेत.

सीताबर्डीचा_सागर

ताई, भाच्याने टेसरॅक्ट वापरलं असेल आणि कमांडमध्ये `--psm 6` दिलं असेल. त्याचा अर्थ 'हे सगळं चित्र म्हणजे एकच सलग मजकूर आहे' असा होतो, म्हणून ते डावीकडून थेट उजवीकडे वाचत सुटतं. ते काढून टाका. काहीच दिलं नाही तर ते स्वतःच कॉलम ओळखतं, क्रमही स्वतःच लावतं. बाकी काही करायची गरज नाही.

काटोलची_लेक

सागर, बरोबर ओळखलंत, 6 च होतं. काढून पाहिलं. तिसरा कॉलम आता स्वच्छ वेगळा आला, त्याबद्दल खूप आभार. पण पहिला आणि दुसरा वरच्या सात-आठ ओळी वेगळे राहतात आणि पुढे परत एकमेकांत जातात. पेस्टचं वाक्य अजून तसंच आहे.

ई_पेपर_वाचक

मलाही हाच त्रास आहे. मी पेपरच्या पीडीएफमधून बातमी कॉपी केली की दुसरीकडे पेस्ट केल्यावर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात, मराठी दिसतच नाही. फॉन्ट टाकून पाहिला तरी पूर्ण नीट होत नाही. यावर उपाय असेल तर मलाही हवा आहे.

पानजुळारी

ई_पेपर_वाचक, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या पीडीएफमध्ये अक्षरं आहेत, फक्त ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टच्या संकेतात आहेत. पेपर श्रीलिपीत लावला असेल तर त्याच फॉन्टचा परिवर्तक लागेल, दुसऱ्या फॉन्टचा चालणार नाही. ताईंकडे नुसतं चित्र आहे, त्यात अक्षर असं काही नाहीच. तुम्ही फॉन्टचं नाव देऊन वेगळा धागा काढा, मी तिथे येतो.

आता ताई तुमच्याकडे. मी बावीस वर्षं दैनिकाची पानं लावली. निवृत्तीनंतर जुनी मासिकं स्कॅन करून त्यांचा मजकूर तयार करतो, त्यामुळे हे रोजचं आहे.

सागर अर्धं बरोबर सांगताहेत. ते यंत्र कॉलम ओळखतं ते मधल्या पांढऱ्या फटीवरून. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तीन कॉलम 1080 पिक्सेलमध्ये बसलेत, म्हणजे दोन कॉलमांमधली फट फार तर चौदा-पंधरा पिक्सेल असणार. त्यात वर्तमानपत्राचा कॉलम अरुंद आणि दोन्ही कडा सरळ. ओळीत लांब शब्द बसला नाही की उरलेली जागा शब्दांमध्ये वाटली जाते आणि शब्दांमधली फट कॉलमांमधल्या फटीएवढीच होते. माणसाला फरक कळतो, कारण शब्दांमधल्या फटी एकाखाली एक येत नाहीत, कॉलमची फट मात्र वरपासून खालपर्यंत सलग जाते.

ती सलग राहायला कात्रण सरळ हवं. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा, की कात्रण हातात धरून किंवा टेबलावर ठेवून फोटो काढलेला आहे आणि ते जरा कललंय. फक्त एक अंश कल असला तरी 1100 पिक्सेल उंचीच्या कॉलममध्ये वरची आणि खालची टोकं एकोणीस पिक्सेल सरकतात. फट चौदाची, सरकणं एकोणीसचं. म्हणजे उभी रेघ ओढली तर ती खाली कुठेतरी अक्षरांवरून जाणारच. वरच्या सात-आठ ओळी वेगळ्या राहिल्या आणि नंतर मिसळल्या, ही कलाचीच खूण आहे. फट मुळातच अरुंद असती तर पहिल्या ओळीपासून घोळ झाला असता.

तपासायला सोपं आहे. चित्रावर एक कोरी पट्टी उभी धरा, वरच्या टोकाला पहिल्या कॉलमच्या उजव्या कडेला लावून, आणि खाली ती कुठे जाते बघा.

काटोलची_लेक

पट्टी लावली. वर कडेला टेकते, खाली चौकटीच्या जवळ दुसऱ्या कॉलमच्या पहिल्या अक्षरावर चढते! काका, तुम्ही चित्र न बघता सांगितलंत.

पानजुळारी

मग आधी सरळ करायचं, नंतर कापायचं, आणि मोठं करायचं ते शेवटी. क्रम बदलू नका, कारण सरळ करताना चित्राची मापं बदलतात. आधी मोजून ठेवलेली कापायची जागा मग चुकते.

```
magick katran.png -colorspace Gray -deskew 40% +repage saral.png
magick saral.png -crop 340x700+16+410 +repage k.png
magick k.png -resize 300% k3.png
tesseract k3.png k -l mar --psm 6
```

दुसऱ्या ओळीतले आकडे म्हणजे रुंदी, उंची, आणि डावीकडून व वरून किती आत जायचं ते. ते तुमच्या चित्रावर मोजून घाला. आता `--psm 6` चालेल, उलट तेच हवं, कारण आता चित्रात खरोखर एकच सलग तुकडा आहे. तिप्पट मोठं केल्याने नवा तपशील येत नाही, पण तेरा-चौदा पिक्सेलच्या अक्षरांपेक्षा चाळीसच्या आसपासची अक्षरं यंत्राला खूप बरी वाचता येतात.

कापताना मथळा, फोटो, फोटोओळ आणि चौकट बाहेर ठेवा. राहिलेल्या मजकुराचे पाच तुकडे होतील. पहिला कॉलम चौकटीपर्यंत तो 'क'. दुसरा कॉलम फोटोच्या वरचा 'ख', तिसरा फोटोच्या वरचा 'ग'. दुसरा फोटोखालचा 'घ', तिसरा फोटोखालचा 'च'. प्रत्येकाची वेगळी फाइल करा.

सीताबर्डीचा_सागर

काका, कलाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी वाटेल ते चित्र थेट टाकायचो. एक सुचवतो: सरळ केल्यावर न कापता आपोआप पद्धतीनेही चालवून बघा, वेळ वाचेल. आणि क्रम क, ख, ग, घ, च असाच येणार ना? वरचं आधी, खालचं नंतर.

काटोलची_लेक

दोन्ही करून पाहिलं. न कापता चालवलं तर पाचपैकी चार तुकडे नीट आले, पण चौकटीतली बाबांची ओळख पहिल्या कॉलमच्या शेवटच्या वाक्याला जोडून आली. कापून केलं तर पाचही स्वच्छ. अकरा लेखांसाठी कापतच बसेन, चालेल.

तुकड्यांची टोकं देते. क संपतो: "घ्यावे. तयार झाल्यावर ती". ख सुरू होतो: "ब्रशने जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावावी." ख संपतो: "फवारणीसाठी मात्र मिश्रण पातळ हवे. ते". ग सुरू होतो: "द्यावी लागते. हलक्या जमिनीत". घ सुरू होतो: "करताना तेवढ्याच मोर-". घ संपतो: "भारी जमिनीत ताणाला जास्त मुदत".

पानजुळारी

सागर, पान लावताना आमचा नियम उलटा होता. फोटो कॉलमच्या मध्ये आला तर मजकूर त्याच कॉलममध्ये फोटोवरून उडी मारून खाली जातो, तळाला टेकतो आणि मग पुढच्या कॉलमच्या डोक्यावर चढतो. म्हणजे क, ख, घ, ग, च. तुम्ही म्हणता तसा क्रम एकाच वेळी येतो: फोटोच्या जागी दोन्ही कॉलमांवर पसरलेलं उपशीर्षक किंवा आडवी जाड रेघ असेल तर. तिथे लेखाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पडतात. फोटोने तसे भाग पडत नाहीत.

पण माझ्या नियमावर विसंबू नका. घाईच्या रात्री नियम मोडलेली पानं मी स्वतः लावली आहेत. टोकं जुळतात का ते बघूनच ठरवायचं.

मुद्रितशोधक (धंतोली)

टोकं तर बोलताहेत! आपल्या भाषेत हे किती सुरेख ठरवता येतं बघा.

क चा शेवट 'ती'. ही 'ती' म्हणजे पेस्ट, स्त्रीलिंगी. ख मधलं क्रियापद 'लावावी'. जुळलं. ख चा शेवट 'ते', म्हणजे मिश्रण, नपुंसकलिंगी. याच्यापुढे ग लावला तर 'ते द्यावी लागते' होतं, हे कुठल्याही मराठी माणसाच्या हातून लिहिलं जाणार नाही. घ लावला तर 'ते करताना तेवढ्याच मोरचुदाला व चुन्याला शंभर लिटर पाणी लागते'. आणि घ च्या शेवटची 'मुदत' स्त्रीलिंगी, तिला ग मधलं 'द्यावी लागते' हवंच आहे. म्हणजे काकांचा क्रम बरोबर, आणि तो लिंगावरून सिद्ध झाला.

ताई, तुमचं उत्तरही यातच आहे. दहा लिटर पेस्टचं, शंभर लिटर फवारणीचं. दोन वेगवेगळ्या तुकड्यांतली वाक्यं शेजारी आली म्हणून भाच्याला एक वाटली.

वरूडचा_बागायतदार

मी वाचून राहिलो होतो, पण आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. ताई, तुमचे बाबा एकदम बरोबर लिहून गेले. डिंक्यासाठी बुंध्याले लावायची बोर्डो पेस्ट एकास एक आणि दहा लिटर पाणी. फवाऱ्याचं एक टक्क्याचं मिश्रण एकास एक आणि शंभर लिटर. शंभर लिटरचं पाणी बुंध्यावर ब्रशनं लावलं तर ते ओघळूनच जाते, सालीवर काही बसत नाही. आणि दहा लिटरचं पंपात भरलं तर नोझल बंद पडन अन् पानं करपतीन. असं चुकीचं छापलं असतं तर कोणाच्या तरी बागेत नुकसान झालं असतं. बरं झालं विचारलं.

एक विचारतो. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये, अन् मिश्रण झाल्यावर लोखंडी विळा बुडवून पाहा, लाल चढलं तर चुना वाढवा, हे लिहिलं हाये का? तुमच्या बाबांनी नक्की लिहिलं असन.

काटोलची_लेक

दादा, घ मध्ये आहे! "मिश्रणात स्वच्छ विळा बुडवून पाहावा, त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घालावी." आधीच्या मजकुरात ही ओळ तीन तुकड्यांत विखुरली होती, मला ती कळलीच नव्हती. बाबा हे आम्हाला करून दाखवायचे.

आता शब्दांचं. मोठं करून कापल्यावर 'एककिलो' सुटं झालं, पण 'लिटरपाणी' तसंच चिकटलेलं आहे. आणि उलटं पण होतंय. 'बुंध्याला' हा शब्द 'बुं ध्याला' असा तुटला, 'साधारण' चा 'सा धारण' झाला, आणि 'पावसाळ्यापूर्वी' चा 'पावसाळ्या पूर्वी'. भाच्याने शब्दतपासणी लावली तर 'डवरणी' चं 'आवरणी' झालं.

पानजुळारी

'बुं ध्याला' आणि 'सा धारण' चं कारण अक्षरातच आहे. यंत्राला शब्द कळतो तो बराचसा शिरोरेघेवरून: रेघ तुटली की शब्द संपला. पण ध, भ आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे मुळातच तुटलेली असते. बारीक चित्रात ती तूट शब्दांमधल्या फटीएवढी दिसते. म्हणून तुटलेला शब्द सापडला की आधी बघा, तुटीनंतरचं अक्षर ध, भ, थ पैकी आहे का. माझ्या अनुभवात चुकीच्या तुटी सगळ्यात जास्त इथेच सापडतात.

चिकटलेल्या शब्दांचं उलट आहे. ओळीत मजकूर जास्त झाला की आम्ही शब्दांमधली जागा दाबायचो. मूळ छपाईतच 'लिटर' आणि 'पाणी' मध्ये केसाएवढी फट असेल आणि स्क्रीनशॉटमध्ये ती एका पिक्सेलपेक्षा कमी उरली असेल. मोठं करून ती परत येत नाही. तिथे भाषेनेच ठरवायचं, यंत्राच्या हातात ते नाही.

मुद्रितशोधक

भाषेने ठरवायला माझी कसोटी सांगतो. चिकटलेल्या शब्दाचे दोन भाग करा आणि पहिला भाग एकटा उभा राहतो का बघा. 'लिटर' उभा राहतो, म्हणून 'लिटर पाणी' वेगळं. 'पावसाळ्या' एकटा उभा राहत नाही, ते पावसाळा या शब्दाचं सामान्यरूप आहे आणि त्याला पुढे काहीतरी चिकटलेलंच हवं. म्हणून 'पावसाळ्यापूर्वी' जोडून. 'फुटांपर्यंत', 'झाडाखाली', 'मुळांजवळ' सगळी याच घरची. हिंदीत अशी अव्ययं सुटी लिहितात. हिंदीच्या सवयीने किंवा हिंदीसाठी केलेल्या साधनाने मजकूर दुरुस्त केला की मराठीचे हे शब्द तुटतात, त्यावर लक्ष ठेवा.

ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडताना आणखी एक. 'मोर-' आणि 'चुदाला' जोडून 'मोरचुदाला' होतं, 'चु' ऱ्हस्वच ठेवा. वर 'मोरचूद' दीर्घ आहे म्हणून कुणी 'मोरचूदाला' करेल, ते चूक. विभक्ती लागली की तो ऊ ऱ्हस्व होतो आणि तुमच्या बाबांनी, किंवा तेव्हाच्या मुद्रितशोधकाने, बरोबर छापलंय.

आणि शब्दतपासणी कृपा करून बंद करा. डवरणी, वखर, निवळी हे बाबांचे शब्द आहेत. यादीत नाहीत म्हणून ते चूक ठरत नाहीत.

सीताबर्डीचा_सागर

ओळीच्या शेवटचं सगळं एका फटक्यात जोडायला हे चालेल:

```
perl -0pe 's/-\n//g' k.txt > k_jodlela.txt
```

काटोलची_लेक

सागर, चालवलं. 'मोरचुदाला' झालं, पण ग मध्ये एका ओळीच्या शेवटी 'आंबिया-' आणि पुढच्या ओळीत 'मृग' आहे, त्याचं 'आंबियामृग' झालं.

पानजुळारी

हे होणारच. ओळीच्या टोकाची रेघ दोन प्रकारची असते, एक शब्द तोडल्याची आणि एक शब्दाची स्वतःची. छापताना दोन्ही सारख्याच दिसतात. 'आंबिया' हा पूर्ण शब्द आहे आणि 'मृग' हाही, दोन बहारांची जोडी आहे, तेव्हा रेघ ठेवायची. एका फटक्यात न काढता प्रत्येक रेघ थांबून बघा, एका लेखात दहा-बाराच्या वर नसतात. आणि आमच्या काळी बऱ्याचदा शब्द रेघेशिवायही तोडायचे, त्यामुळे रेघ नसलेली टोकंही वाचावी लागतील.

काटोलची_लेक

तशी एक जागा अडलीये. च मध्ये ओळीच्या शेवटी 'त्या', पुढच्या ओळीत 'वेळी'. रेघ नाही. 'त्या वेळी' की 'त्यावेळी'?

मुद्रितशोधक

दोन शब्द. 'त्या' हे विशेषण, 'वेळी' हे नाम. इथे विशिष्ट वेळेबद्दल बोलणं चाललंय, मी असतो तर सुटंच ठेवलं असतं.

पानजुळारी

मला पटत नाही. प्रश्न शुद्ध काय याचा नाही, छापलं काय होतं याचा आहे. ताई, बाबांच्या बाकीच्या दहा लेखांत हा शब्द ओळीच्या मध्ये कुठे आलाय का बघा. जसा तिथे असेल तसा इथे करा.

काटोलची_लेक

बघितलं. दोन लेखांत 'त्यावेळी', एकात 'त्या वेळी'. आता काय करू?

मुद्रितशोधक

तरीही सुटंच, असं माझं मत.

पानजुळारी

मी जोडून ठेवेन. पुस्तिकेत काहीही करा, पण मूळ ओळ कुठे तुटली होती ती खूण तुमच्या फाइलमध्ये राहू द्या.

काटोलची_लेक

दोघांचंही लिहून ठेवलंय. आता जुळवलेला भाग इथे टाकते, कुणाला काही खटकलं तर सांगा:

"पेस्ट करताना एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी घ्यावे. तयार झाल्यावर ती ब्रशने जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावावी. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा लावली तर बुंध्याला डिंक्यापासून संरक्षण मिळते. फवारणीसाठी मात्र मिश्रण पातळ हवे. ते करताना तेवढ्याच मोरचुदाला व चुन्याला शंभर लिटर पाणी लागते. गाळून घेतल्यावरच पंपात भरावे."

वरूडचा_बागायतदार

एक नंबर. हे असंच छापा. तरी पुस्तिका निघायच्या आधी अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत एकदा दाखवून घ्या. लेख जुना हाये, बाकीच्या औषधांची नावं बदलली असतीन.

काटोलची_लेक

हो, नक्की जाते. शेवटचं एक राहिलं. च चा शेवट पूर्ण होत नाही. "काढणीनंतर बागेत" एवढंच येतं, त्याखाली स्क्रीनशॉटची कड आहे. कडेवर अर्धं कापलेलं काहीतरी दिसतं, मला ते 'पा' आणि एक आकडा वाटतो.

पानजुळारी

ते 'पान ६ वर' किंवा तसलंच काही असणार. लेख आतल्या पानावर गेलाय. तो भाग या चित्रात नाहीच, तेव्हा तिथे टिंबं देऊन थांबा, अंदाजाने पुरं करू नका. तो आकडा सहा आहे की आठ ते चारपट मोठं करून इथे टाका. आणि जुने अंक बघायला मिळाले तर एक लक्षात ठेवा: आतल्या पानावर पूर्ण मथळा पुन्हा देत नसत. मथळ्यातला एखाददुसरा शब्द आणि खाली कंसात 'पान अमुकवरून' एवढंच असायचं. तुमच्या मथळ्यात 'संत्रा' असेल तर तोच शब्द शोधा, बाबांचं नाव तिथे मिळणार नाही.

काटोलची_लेक

मथळ्यात 'बुंधा' आहे, काका. तेच शोधते. आकड्याचं चित्र रात्री टाकते.